चार कोटी जाडीची रेघ

"मागे बसलेल्यांना कदाचित दिसत नसेल, पण..." हे वाक्य ज्या वक्त्याच्या तोंडी येतं, त्याला ते आदल्या रात्रीपासूनच माहीत असतं. तरी तो आलेख बदलत नाही, वाक्य तेवढं पाठ करून येतो. पुढच्या चार रांगा माना डोलावतात, कारण त्यांना दिसतं. मागच्या रांगा डोलावतात, कारण पुढच्या डोलावतात. ठराव एकमताने मंजूर.

या डोलण्याचा एक हंगाम असतो. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात, त्यामुळे गावोगावची नाट्यगृहं आणि मंगल कार्यालयं सभासदांनी भरलेली असतात. पूर्वी सचिव अहवाल वाचून दाखवायचे आणि लोक झोपायचे. आता प्रोजेक्टर आला. लोक डोळे उघडे ठेवून झोपतात.

एक पतसंस्था घेऊ. नाव नको, तुमच्याच ओळखीची निघायची. सभा नाट्यगृहात आहे. पडदा 3 मीटर उंच, शेवटची खुर्ची पडद्यापासून 24 मीटरवर. आलेख दहा वर्षांचा आणि त्यात सहा रेघा: ठेवी, कर्जे, गुंतवणूक, भागभांडवल, राखीव निधी आणि थकबाकी. शेवटची रेघ तळाशी, फिकट करड्या रंगात. रंग कुणी निवडला असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "तो कॉम्प्युटरनेच दिला."

खरं आहे. कॉम्प्युटर देतो ते आपण घेतो. एक्सेल आलेखाच्या अक्षावर 9 पॉइंटची अक्षरं टाकतो, पॉवरपॉइंट जवळपास 12 ची. समोर फूट-दीड फुटावर लॅपटॉप असतो, सगळं स्वच्छ दिसतं, कारकून समाधानाने घरी जातो. त्याच्या आणि पडद्याच्या मधे 24 मीटर नसतात.

आता डोळ्याचा हिशेब. आपल्याकडे पंचांगामुळे एक सोय आहे: अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात हे सांगावं लागत नाही. पौर्णिमेचा चंद्र आपल्या डोळ्यापाशी सुमारे 30 कलांचा कोन करतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर जो अक्षरांचा तक्ता असतो, त्याचं मूळ हर्मन स्नेलन या डच नेत्रतज्ज्ञाने 1862 साली घातलं. त्यातली 6/6 ची ओळ म्हणजे 6 मीटरवरून 5 कला उंचीचं अक्षर, आणि त्या अक्षरातली रेघ 1 कला जाडीची. ती ओळ वाचता आली की डॉक्टर म्हणतात, नजर चांगली आहे. म्हणजे 5 कला ही चांगल्या नजरेची हद्द झाली. हद्दीवर कुणी तासभर बसून वाचत नाही. डॉक्टरकडेसुद्धा आपण ती ओळ डोळे बारीक करून आणि थोडं अंदाजानेच वाचतो. सावकाश, न शिणता वाचायचं तर पडद्यावरच्या अक्षराला साधारण 16 ते 22 कला लागतात. म्हणजे हद्दीच्या तिप्पट-चौपट.

चोवीस मीटरवर एक कला म्हणजे पडद्यावरचे 7 मिलिमीटर. हा आकडा हातात ठेवा, पुढची सगळी भानगड त्याच्यावर आहे.

आता पॉइंट. कागदावर पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. पडद्यावर त्याचा इंचाशी काही संबंध उरत नाही. नेहमीची रुंद स्लाइड साडेसात इंच उंच असते, म्हणजे 540 पॉइंट. प्रोजेक्टर हे 540 पॉइंट अख्ख्या पडद्यावर ताणतो. पडदा 3 मीटरचा असेल तर एक पॉइंट साडेपाच मिलिमीटरचा होतो. आणि "आम्ही 12 चा फॉन्ट घेतला होता" असं सांगणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं की अक्षराचं अंग त्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास असतं. बाकी जागा वरच्या-खालच्या मात्रांची. फॉन्टागणिक थोडं कमीजास्त होतं, पण निम्मं धरायला हरकत नाही.

तर 12 चा फॉन्ट म्हणजे अंग 6 पॉइंट, पडद्यावर 33 मिलिमीटर, शेवटच्या खुर्चीवरून पावणेपाच कला. डॉक्टरच्या 6/6 च्या ओळीपेक्षाही किंचित बारीक. एक्सेलचा 9 चा फॉन्ट तसाच डकवला असेल तर साडेतीन कला. आपली पतसंस्था वार्षिक सभेच्या निमित्ताने सभासदांची मोफत नेत्रतपासणी करते, आणि सगळ्यांना नापास करून घरी पाठवते.

16 कलांसाठी काय हवं? सोळा साते एकशेबारा मिलिमीटर, म्हणजे 20 पॉइंटचं अंग, म्हणजे 40 चा फॉन्ट. हा आकडा ऐकला की सचिवांचा चेहरा पडतो. गाय कावासाकी नावाचे एक अमेरिकन उद्योगी गृहस्थ आहेत. ते सांगतात की स्लाइडवर 30 पेक्षा लहान अक्षर नको, आणि हेही पटत नसेल तर सभेतल्या सर्वांत वयस्कर माणसाचं वय घ्या आणि निम्मं करा. पतसंस्थेच्या सभेत पहिल्या रांगेत संस्थापक असतात आणि शेवटच्या रांगेत त्यांच्याबरोबर भाग घेतलेले सभासद. ऐंशी भागिले दोन. कोनांचा हिशेब आणि ही थट्टा, दोन्ही 40 वरच येतात.

"अहो, पण मावत नाही!"

मावणारच नाही. स्लाइड 960 पॉइंट रुंद. "2015-16" असं एक वर्ष 40 च्या फॉन्टमध्ये दीडशे पॉइंटच्या आसपास जागा खातं. दहा वर्षांना दीड हजार पॉइंट लागतील. एक्सेल अशा वेळी आपल्या मनाने वर्षं तिरपी करतो, मग उभी करतो, आणि सभासद माना वाकड्या करून बसतात. सचिव मग फॉन्ट लहान करतात. वर्षं कमी करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. रेघ दहा वर्षांची राहू द्या. खाली फक्त पहिलं, मधलं आणि शेवटचं वर्ष लिहा. मधल्या वर्षांचा क्रम सभासदांना येतो, ते कर्ज फेडत असतात. डावीकडच्या अक्षावर 0, 25, 50 करत तेरा आकडे कशाला? 0, 100, 200, 300 पुरतात. "कोटी रुपये" एकदा मथळ्यात लिहा, प्रत्येक आकड्यामागे शेपूट नको.

देवनागरीचं आणखी एक दुखणं आहे, आणि ते इंग्रजीवरून नियम उचलणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. स्नेलनचं अक्षर पाच घरांच्या जाळीवर बेतलेलं. त्यात ओळखायची खूण म्हणजे अक्षराच्या पाचव्या भागाएवढी. आपल्याकडे घ आणि ध यांत फरक काय, तर डोक्यावरची रेघ सलग आहे की डाव्या बाजूला तुटून तिथे गाठ आहे, एवढाच. भ आणि म यांचंही तेच, थ आणि य यांचंही तेच. ही फट अक्षराच्या पाचव्या भागापेक्षा बारीक असते. अक्षर 5 कलांचं असेल तर ती अर्ध्या कलेच्या आसपास येते, आणि अर्धी कला कुणाच्याच डोळ्याला धड दिसत नाही. मग भात आणि मात एकच. एका नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकी सादरीकरणात "घनकचरा व्यवस्थापन" मागच्या रांगांना "धनकचरा व्यवस्थापन" दिसलं. पुढचा खर्चाचा आकडा पाहून कुणी दुरुस्ती सुचवली नाही.

यावर ठळक अक्षर हा उपाय, असं पुष्कळांना वाटतं. अर्धवट खरं आहे. साधं वजन पडद्यावर रोडावतं, म्हणून थोडं जाड अक्षर चांगलं. पण अगदी ठसठशीत केलं की शाई आतल्या पोकळीत घुसते, तीच फट बुजते, आणि ध चा पुन्हा घ होतो. मधलं वजन घ्या. अनुस्वाराचा ठिपका वेगळा दिसतोय ना, ते बघा. तो दिसला की बाकीचं अक्षर बहुधा दिसतं.

(जुने बिगर-युनिकोड फॉन्ट वापरणाऱ्यांना या काळज्या नसतात. नाट्यगृहाच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नसतो. "थकबाकी" च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा गिचगोळा उमटतो. संचालक मंडळाला याहून सुरक्षित आलेख मिळणं कठीण.)

आता रेघा. इथे लोकांची समजूत अशी की रेघ दिसली म्हणजे काम झालं. दिसणं आणि ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूर डोंगरावरून गेलेली विजेची तार आकाशावर दिसते, तिची जाडी एका कलेच्या लहानशा अंशाएवढी असली तरी. डोळ्याला "तिथे काहीतरी आहे" हे कळायला फार कमी पुरतं. पण ती तार एक आहे की जवळजवळ दोन, तांबूस की निळसर, हे कळत नाही. आलेखात नेमकं तेच कळायला हवं असतं.

पॉवरपॉइंट आलेखाची रेघ आपणहून सव्वादोन पॉइंटची काढतो. शेवटच्या खुर्चीवरून ती पावणेदोन कलांची होते. दिसते, नक्की दिसते. पण सहा रेघांतली निळी कोणती, हिरवी कोणती, जांभळी कोणती, हे सांगता येत नाही. यात डोळ्याचाच एक दोष आहे: ज्या मधल्या बिंदूने आपण टक लावून बघतो, तिथे निळा रंग टिपणाऱ्या पेशी जवळपास नसतातच. म्हणून बारीक निळी रेघ काळपट वाटते आणि बारीक पिवळी पांढऱ्यावर विरून जाते. तीच रेघ रुंद केली की रंग परत येतो. रंग हा रेघेच्या जाडीवर चालतो, ही गोष्ट आलेख रंगवणाऱ्याला कुणी सांगत नाही. आपल्या सभागृहात डेटाची रेघ 4 पॉइंटच्या खाली नको. म्हणजे पडद्यावर 22 मिलिमीटर, तीन कलांहून थोडी जास्त.

मागची आडवी जाळी मूळची पाऊण पॉइंटची आणि फिकट करडी असते. ती मागे दिसत नाही आणि पुढे नुसती खुपते. काढून टाका. ठेवायचीच तर 100, 200, 300 च्या तीन रेघा ठेवा, दीड पॉइंटच्या, मध्यम करड्या.

आणि कोपऱ्यातली ती रंगांची सूची! सहा चिमुकल्या रेघा आणि समोर सहा नावं. मागच्या सभासदाने तिथला रंग डोक्यात धरायचा, मान वळवायची, आलेखात तोच रंग शोधायचा, सापडला नाही की परत जायचं. तोवर साहेब पुढच्या विषयावर. रेघ संपते तिथे तिच्या शेजारीच तिचं नाव लिहावं, त्याच रंगात, त्याच 40 च्या फॉन्टमध्ये. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्या सभासदांचंही काम होतं. सपाट जमिनीच्या मंगल कार्यालयात तर ही सूची आणखी एका कारणाने निरुपयोगी ठरते. पडद्याचा खालचा पट्टा पुढच्यांच्या डोक्यांनी आणि फेट्यांनी झाकलेला असतो, आणि सूची बहुधा तिथेच असते. वर्षांचे आकडेही तिथेच. आलेख थोडा वर सरकवला तर दहा वर्षांपैकी निदान तीन तरी दिसतील.

"मग सरळ 8 पॉइंटच्या रेघा काढतो," असं ऑपरेटर म्हणेल. थांब बाबा. इथेच खरी गंमत आहे.

आपल्या आलेखात रेघांसाठीची उभी जागा 300 पॉइंट आहे, आणि अक्ष 0 ते 300 कोटी. हिशेब सोपा: एक पॉइंट म्हणजे एक कोटी. 4 पॉइंटची रेघ म्हणजे चार कोटी जाडीची रेघ. ठेवी 180 कोटींवरून 280 कोटींवर गेल्या, तर त्यांच्या रेघेला चार कोटींची जाडी शोभून दिसते. ती 100 पॉइंट चढते, म्हणजे पडद्यावर अर्ध्या मीटरहून जास्त. टाळ्या. तळाशी थकबाकी 3 कोटींवरून 8 कोटींवर गेली आहे, अडीच पटीहून जास्त. ती किती चढली? 5 पॉइंट. स्वतःच्या जाडीपेक्षा जेमतेम एक पॉइंट जास्त. दहा वर्षांत मिळून चार कलांची चढण. मागच्या सभासदाला ती अक्षाच्या रेघेला टेकून झोपलेली दिसते. 8 पॉइंटची जाडी घेतली तर पाच कोटींची वाढ रेघेच्या पोटातच मावते.

म्हणजे जाडीला खालून जशी हद्द आहे तशी वरूनही आहे. खालची हद्द डोळ्याने ठरते, वरची दोन रेघांतल्या फटीने. दोन रेघा वेगळ्या कळायला त्यांच्यात निदान दोन-तीन कलांची मोकळी जागा हवी, आपल्या पडद्यावर 3-4 पॉइंटच्या आसपास. भागभांडवल 12 कोटी आणि राखीव निधी 15 कोटी असेल, तर त्यांच्या मध्यरेघांत 3 पॉइंटचं अंतर आहे आणि प्रत्येक रेघ 4 पॉइंटची. त्या एकमेकींवर चढून बसणार. जाडी कमी केली तर रंग जातो, वाढवली तर फट जाते. अशा वेळी जाडीशी खेळणं सोडावं. त्या आलेखात तेवढ्या रेघा असायलाच नकोत.

थकबाकीचं काय? तिला वेगळा आलेख द्या, आणि रुपयांत नको, कर्जाच्या टक्क्यांत. समजा कर्जे दहा वर्षांत 150 कोटींवरून 200 वर गेली. दीडशेत तीन म्हणजे 2 टक्के, दोनशेत आठ म्हणजे 4 टक्के. अक्ष 0 ते 5 टक्के, जागा तीच 300 पॉइंटची. आता 1 टक्का म्हणजे 60 पॉइंट. तीच थकबाकी, तेच लेखापरीक्षक, तीच वर्षं, आणि रेघ 120 पॉइंट चढते, म्हणजे पडद्यावर 67 सेंटिमीटर. आधीच्या आलेखात ती 28 मिलिमीटर चढत होती. कर्जेही वाढली आहेत हे जमेस धरूनसुद्धा चढण स्पष्ट आहे. जाडी 4 ठेवा नाहीतर 6, काही झाकलं जात नाही. शेवटच्या रांगेतले आजोबा शेजारच्या मुलाला "काय रे, काय दाखवतायत?" असं न विचारता थेट अध्यक्षांना विचारतील.

आता कळलं असेल की हा आलेख दरवर्षी का नसतो. बारीक अक्षर आणि गर्दीच्या रेघा हा दर वेळी अडाणीपणाच असतो असं मी म्हणणार नाही. पण दर वेळी डावच असतो असंही नाही. बहुतेक वेळा अहवालातलं पान जसंच्या तसं चित्र म्हणून डकवलेलं असतं, आणि ते स्लाइडवर बसवायला निम्मं केलेलं असतं. मग 9 चा फॉन्ट साडेचारचा होतो आणि पाऊण पॉइंटची रेघ निम्मी. पॉवरपॉइंटच्या खिडकीत हा साडेचारचा आकडा कुठेही दिसत नाही, कारण आता ते अक्षर राहिलेलं नाही, चित्र आहे.

छापील पुस्तकं वाचून आलेल्या शहाण्यांचीही एक जात आहे. एडवर्ड टफ्टे यांचं आलेखांवरचं 1983 चं पुस्तक त्यांनी वाचलेलं असतं, निदान चाळलेलं असतं. त्यातून त्यांनी घेतलं ते एवढंच की रेघा नाजूक असाव्यात आणि जाळी फिकट. पुस्तक हातभरावरून वाचतात आणि चांगल्या छपाईत केसासारखी रेघ स्पष्ट उमटते, हा भाग राहून गेला. तसे आलेख ते नाट्यगृहात लावतात. पडद्यावर काहीच दिसत नाही, पण अभिरुची उच्च असते.

भाड्याच्या प्रोजेक्टरबद्दल दोन शब्द. खोक्यावर "फुल एचडी सपोर्ट" लिहिलेलं असतं. याचा अर्थ तो तसं चित्र घेतो, तसं दाखवतो असा नाही. आत 1024 बाय 768 ठिपके असतील तर रुंद स्लाइड त्यात 1024 बाय 576 मध्ये बसते. 540 पॉइंटना 576 ठिपके, पॉइंटाला जेमतेम एक. पाऊण पॉइंटची रेघ मग पूर्ण ठिपकाही भरत नाही, नुसती करडी धूळ होते. त्यात प्रोजेक्टर टेबलावर तिरपा ठेवून चित्र बटणाने चौकोनी केलेलं असतं. त्या दुरुस्तीत आणखी ठिपके जातात, आणि उभ्या रेघांना पायऱ्या पडतात. ओळखायची खूण हीच: सरळ रेघ जवळ जाऊन बघितली आणि तिला पायऱ्या दिसल्या, तर प्रोजेक्टर उंच करून सरळ लावायला सांगा.

आणि उजेड. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. त्याचा काळा म्हणजे दिवे चालू असताना पडदा जेवढा उजळ दिसतो तेवढा. व्हिडिओवाल्याने व्यासपीठावरच्या पाहुण्यांसाठी जो झगझगीत दिवा लावलेला असतो, तो अर्धा पडद्यावर पडतो. काळी रेघ करडी होते, करडी पांढरी, पिवळी स्वर्गवासी. साध्या निर्णयासाठी दाखवायच्या चित्रात पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण किमान 15 ला 1 असावं असं अमेरिकेतल्या दृक्श्राव्य व्यवसायाचं मानक सांगतं. आपल्याकडे पाहुण्यांचे चेहरे उजळ दिसण्याला प्राधान्य आहे. म्हणून पांढऱ्यावर गडद निळा, काळा, गडद लाल, एवढेच रंग वापरा. फिकट छटांचा मोह आवरा.

हे सगळं गणित कुणी करणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून बिनगणिताची चाचणी सांगतो. सभागृहात जाऊन दोन मापं घ्या: पडद्याची उंची, आणि पडद्यापासून शेवटच्या खुर्चीचं अंतर. दुसऱ्याला पहिल्याने भागा. आपल्या नाट्यगृहात उत्तर 8 आलं. आता मोबाइल आडवा धरा. त्याचा पडदा साधारण 7 सेंटिमीटर उंच असतो. सात आठे छप्पन्न. स्लाइड मोबाइलवर पाठवा, डोळ्यांपासून 56 सेंटिमीटरवर, म्हणजे हात जवळपास लांब करून धरा, आणि बोटांनी मोठं न करता वाचा. शेवटच्या खुर्चीला दिसतं ते अगदी एवढंच. लॅपटॉपवर करायचं असेल तर पंधरा इंची पडदा सुमारे 19 सेंटिमीटर उंच असतो. दीड मीटर मागे जाऊन उभं राहायचं. ज्या खुर्चीत बसून आलेख केला, तिच्यावरून बघायचं नाही.

मोबाइल उजेडाची परीक्षा घेत नाही. त्याचा काळा खरोखर काळा असतो. त्यासाठी सभेच्या अर्धा तास आधी सगळे दिवे लावून, व्हिडिओवाल्याचा दिवाही लावून, शेवटच्या रांगेत एकदा बसायलाच हवं. शक्यतो अध्यक्षांनी. ती रांग त्यांनी निवडणुकीनंतर पाहिलेली नसते.

तर सचिवसाहेब, सभेला अजून अवधी असेल तर आजच हात लांब करून बघा. आणि सभासदहो, पडद्यावर काही वाचता आलं नाही तर "मंजूर" च्या आधी हात वर करा आणि एकच मागणी करा: थकबाकीची रेघ वेगळी दाखवा, टक्क्यांत, 40 च्या अक्षरांत.